मुलाकडे जर्मनीला जाताना: व्हिसाच्या पत्राविषयी प्रश्नोत्तरे

व्हिसाच्या अर्जासोबत मी द्यायचे पत्र मराठीत लिहिले तर चालेल का?

नाही, इंग्रजीत किंवा जर्मनमध्ये लिहावे आणि खाली सही करावी.

म्युनिकला तीन महिने राहायचे आहे. 12 मे ते 12 ऑगस्ट असे लिहू का?

हे 93 दिवस होतात. शेंगेन व्हिसावर कोणत्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येते, आणि पोहोचण्याचा व निघण्याचा असे दोन्ही दिवस त्यात धरले जातात. 12 मेला उतरलात तर नव्वदावा दिवस 9 ऑगस्टला येतो, म्हणून परतीची तारीख त्याआधी चार-पाच दिवसांची ठेवा. पत्र, अर्ज आणि तिकिटाचे आरक्षण यांतल्या तारखा तंतोतंत जुळाव्यात आणि विम्यात हे सर्व दिवस यावेत. मागच्या सहा महिन्यांत युरोपात राहून आला असाल, तर दिवस जाणकाराकडून मोजून घ्या.

खर्च मुलगा करणार आहे, पण एजंट म्हणतो, खात्यात पाच लाख दाखवा. काय करू?

हा सल्ला कृपया ऐकू नका. अशीच एक फाइल मी पाहिली आहे: दरमहा 38,000 रुपये निवृत्तिवेतन, खात्यात कधी लाखाच्या वर शिल्लक नाही, आणि अर्जाच्या नऊ दिवस आधी अचानक चार लाख जमा. पत्रात मात्र ‘सर्व खर्च मुलगा करील’ असे वाक्य होते. मग हे पैसे कोणाचे, हा प्रश्न अधिकाऱ्याला पडणारच, आणि एकदा शंका आली की परत येण्याच्या तुमच्या हेतूवरही ती जाते.

मुलाने आपल्या गावच्या परदेशी नागरिक कार्यालयातून अधिकृत हमीपत्र, म्हणजे ‘फेरप्फ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग’, घ्यावे. त्याने घरी टाइप केलेले निमंत्रण त्याची जागा घेऊ शकत नाही. हमीपत्राची मूळ प्रत अर्जासोबत जोडावी लागते, आणि मुलाची आर्थिक क्षमता तपासल्याची नोंद त्यावर आहे ना, ते पाहून घ्या. मग पत्रात सरळ लिहा: राहणे, जेवण व इतर खर्च मुलगा करील, हमीपत्र सोबत आहे, विमानभाडे मी माझ्या बचतीतून भरीन. विमानभाडेही मुलगाच देणार असेल, तर तसे लिहा. बँकेचा उतारा आहे तसाच जोडा. मोठी रक्कम खरोखरच जमा झाली असेल, उदाहरणार्थ मुदत ठेव मोडली असेल, तर बँकेची पावती लावून एका वाक्यात खुलासा करा. हमीपत्र मिळण्यात अडचण असेल, तर अर्जापूर्वी वाणिज्य दूतावासाला विचारा.

सुनेचे बाळंतपण आहे. ‘पर्यटन’ लिहिणे सुरक्षित म्हणतात, खरे का?

साफ खोटे. ‘कुटुंबाची भेट’ लिहा, प्रसूतीची अपेक्षित तारीख द्या आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडा. परत येण्याचे कारणही लिहा: इथे कोण आहे, शेती किंवा घर कोणाच्या नावावर आहे, आणि त्याची कागदपत्रे लावा.

निघायच्या तीन आठवडे आधी अर्ज केला तर?

नियमात बसतो, पण करू नका. अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून घेतात. निर्णयाला साधारण 15 दिवस लागतात, शंका आल्यास 45, आणि अर्ज भरण्याची वेळ मिळायलाच कधीकधी काही आठवडे जातात. मे महिन्यात जायचे असेल, तर मुलाला हमीपत्रासाठी जानेवारीतच कार्यालयाची वेळ घ्यायला सांगा.