शेजाऱ्यांना एकत्र गाडीने ऑफिसला जाण्याबद्दल पत्र कसं लिहावं?

प्रश्न: मी कोथरूड डेपोजवळ राहतो, ऑफिस हिंजवडी फेज १ला. शेजारच्या इमारतीतले एक गृहस्थ त्याच ऑफिसात आहेत, पण ओळख ऑफिसच्या लिफ्टमधल्या नमस्कारापुरतीच. एकाच गाडीने जाऊ या का, असं पत्राने विचारायचंय. रस्ता आणि वेळा किती सविस्तर लिहू?

उत्तर:

वेळा अगदी नेमक्या लिहा, रस्ता थोडक्यात लिहा आणि नाही म्हणायला मोकळी जागा ठेवा. याच रस्त्यावर मी बरीच वर्षं शेजाऱ्यांबरोबर जातोय. अशी सोबत भांडणाने क्वचितच तुटते. 'आठच्या सुमारास निघू' या एका वाक्याने मात्र हमखास तुटते, कारण एकाचा सुमार पावणेआठचा असतो आणि दुसऱ्याचा सव्वाआठचा.

म्हणून पत्राला बसण्याआधी वेळेचं गणित उलट्या बाजूने करा. समजा, 9:15ला कार्ड स्वाइप करायचंय. पार्किंग आणि लिफ्टची रांग यांना दहा मिनिटं जातात, म्हणजे गाडी 9:05ला ऑफिसच्या गेटवर हवी. डेपोपासून हिंजवडीच्या शिवाजी चौकापर्यंत अंतर साधारण 16-17 किलोमीटर आहे, पण ते तीन वेगळ्या तुकड्यांचं आहे. डेपो ते चांदणी चौक दहा मिनिटं. तिथून हायवेने बावधन, सूस, बाणेर करत वाकड पुलापर्यंत वीसेक मिनिटं, आणि हा तुकडा बऱ्यापैकी भरवशाचा आहे. खरा प्रश्न वाकड पूल ते शिवाजी चौक या शेवटच्या दोन-अडीच किलोमीटरचा. तिथे कधी दहा मिनिटं लागतात, कधी तीस. पंचवीस धरा. एकूण पंचावन्न मिनिटं झाली, म्हणजे सोसायटीच्या गेटवरून 8:10ला निघायला हवं. पाच मिनिटं हाताशी ठेवून पत्रात 8:05 लिहा.

पत्रात द्यायची ती वेळ निघण्याची, पोचण्याची नाही. पोचणं वाहतुकीच्या हातात आहे, निघणं तुम्हा दोघांच्या. आणि किती थांबणार तेही लिहून टाका. पाच मिनिटं थांबून गाडी निघणार हे आधीच ठरलेलं असलं, की उशीर झालेल्याला खजील व्हावं लागत नाही आणि थांबलेल्याला मनातल्या मनात चिडावं लागत नाही. भेटण्याची जागा सोसायटीचं गेट ठेवा. इमारतीखाली येऊन हॉर्न वाजवायला लागलं की वॉचमनपासून पहिल्या मजल्यापर्यंत सगळे वैतागतात.

मी असं लिहिलं असतं:

> श्री. ______ यांस,
> स. न. वि. वि.
>
> मी शेजारच्या इमारतीत राहतो. आपलं ऑफिस एकच आहे, म्हणून एक विचारावंसं वाटलं. मंगळवार, बुधवार आणि गुरुवारी मी माझ्या गाडीने जातो. तुम्हाला सोयीचं असेल, तर या तीन दिवशी आपण एकत्र जाऊ या का?
>
> सकाळी 8:05ला तुमच्या सोसायटीच्या गेटसमोरून निघायचं. 8:10पर्यंत मी थांबेन, मग निघेन. त्या दिवशी तुम्ही येणार नाही असं समजेन, त्यासाठी फोन किंवा खुलासा करायची गरज नाही. पावसाळ्यात मात्र 7:50ला निघावं लागेल.
>
> रस्ता चांदणी चौक, हायवे, वाकड पूल, शिवाजी चौक असा. वाकडला फार गर्दी दिसली तर राधा चौकातून उतरून म्हाळुंगेमार्गे जाऊ.
>
> संध्याकाळी ऑफिसच्या मुख्य गेटवरून 6:15ला. ज्याला थांबावं लागेल त्याने 5 वाजेपर्यंत मेसेज करायचा आणि दुसऱ्याने वाट न बघता निघायचं.
>
> तुमची गाडी असेल तर एक आठवडा माझी, एक आठवडा तुमची. नसेल तर पेट्रोलचा खर्च निम्मा-निम्मा, त्यापलीकडे काही नाही. प्रवासात गप्पा मारल्याच पाहिजेत असं नाही. वाचायचं किंवा डुलकी काढायची असली तरी माझी हरकत नाही.
>
> दोन आठवडे करून बघू. जमलं नाही तर कारण न सांगता थांबू. तुमची वेळ किंवा सोय वेगळी असेल तर 'जमणार नाही' एवढा निरोपही पुरे.
>
> आपला,
> ______ (फ्लॅट क्र. ___, मोबाइल ______)

म्हाळुंगेची ओळ मुद्दाम घातली आहे. राधा चौक ओलांडून पुढे गेल्यावर वाकडची रांग दिसली तर म्हाळुंगेच्या रस्त्याचा काही उपयोग नाही. सूसचा पूल आला की शेजारी बसलेल्याने फोनवर नकाशा बघायचा आणि उतरायचं की सरळ जायचं ते सांगायचं. गाडी चालवणाऱ्याने त्या ठिकाणी फोनला हात लावू नये, लेन बदलणारे ट्रक खूप असतात. दोघं असण्याचा हा रोजचा फायदा आहे.

संध्याकाळची ओळही गाळू नका. सकाळ सगळ्यांची सारखी असते, पण संध्याकाळी कोणाची मीटिंग लांबते, कोणाला मुलांच्या क्लासला पोचायचं असतं. ज्याची गाडी नाही त्याला त्या दिवशी बस किंवा कॅब शोधायची असते, म्हणून पाचचा निरोप हवा. सहाला कळलं तर त्याच्या हातात काहीच उरत नाही.

पैशांचं गणित साधं आहे. जाऊन-येऊन 33 किलोमीटर, गर्दीत गाडी लिटरला 12 किलोमीटर देते असं धरलं, तर पावणेतीन लिटर लागतं. पेट्रोल 105 रुपये धरा, दिवसाला 290च्या आसपास होतात, म्हणजे माणशी 145. आकडा पत्रात घालू नका, ओळख नसलेल्या माणसाला तो बिलासारखा वाटतो. भेटल्यावर तोंडी सांगा. दोघांकडे गाड्या असतील तर आठवडे वाटून घेणं सगळ्यात चांगलं, कारण पैसे हातात घ्यायचे-द्यायचेच नाहीत.

इंधनाच्या वर एक रुपयाही घेऊ नका. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने वापरायची नसते, आणि खासगी गाडीच्या विम्यातही भाड्याचा वापर वगळलेला असतो. पत्र देण्याआधी तुमची पॉलिसी काढून बघा. फक्त थर्ड पार्टी असेल तर अपघातात शेजारी बसलेल्या माणसाला तिचं संरक्षण मिळेलच असं नाही. पॅकेज पॉलिसीत गाडीतल्या माणसांचाही समावेश असतो. रोज दुसऱ्याच्या घरचा माणूस गाडीत बसवायचा तर माझ्या मते पॅकेज पॉलिसीशिवाय सुरुवातच करू नये. आणि ते मागे बसले तरी पट्टा लावायला सांगा, कायद्याने मागच्या सीटवरही तो सक्तीचा आहे.

पत्र शक्यतो रविवारी सकाळी हातात द्या, किंवा पाकिटात घालून त्यांच्या लेटरबॉक्समध्ये टाका. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारू नका, तिथे चारचौघांत नाही म्हणणं जड जातं आणि मनात नसताना दिलेला होकार आठवडाभरही टिकत नाही. दिल्यावर आठवडाभर विषय काढू नका. लिफ्टमध्ये भेटले तर नेहमीसारखा नमस्कार करा.

ते 'हो, पण मला साडेआठ सोयीचं' म्हणाले, तर लगेच मान डोलावू नका. त्या पंचवीस मिनिटांनी वाकडची रांग बरीच वाढते आणि 9:15 चुकण्याची शक्यता मोठी असते. एक दिवस तुम्ही एकटेच 8:30ला निघून बघा, कुठे किती वेळ गेला ते टिपून घ्या आणि मग दोघं मिळून वेळ ठरवा.