खाजत नाही, दुखत नाही, असा चट्टा

प्रश्न : माझे मिस्टर ३४ वर्षांचे आहेत, रबाळ्याला एमआयडीसीत कामाला. डाव्या हातावर कोपराखाली फिकट चट्टा आहे, आठ महिने झाले. खाज नाही, आग नाही. मेडिकलमधून तीन मलमं आणून लावली. शेजारच्या काकू म्हणतात, शिबं आहे, पावसाळा संपला की जाईल. (कळवा)

उत्तर : मलम थांबवा आणि आज रात्री घरीच एक तपासणी करा. बॉलपेन घ्या. त्यांचे डोळे उघडे असतानाच आधी चांगल्या कातडीवर पेनाचं टोक हलकेच टेकवा आणि सांगा, जिथे स्पर्श झाला तिथे दुसऱ्या हाताचं बोट ठेवायचं. हे समजलं की डोळे मिटायला लावा. मग कधी चट्ट्यावर, कधी बाजूच्या कातडीवर, क्रम न लावता पेन टेकवत जा. घासू नका, दाबू नका. दाब खोलवर कळतो आणि आपली फसगत होते. सुई तर नकोच. ‘कळतंय का?’ असंही विचारू नका. विचारलं की पेशंट दर वेळी ‘हो’ म्हणतो, हा माझा वीस वर्षांचा अनुभव. गप्प राहून टेकवा आणि बोट कुठे जातं ते बघा.

बाजूच्या कातडीवर प्रत्येक वेळी बोट बरोबर जागी गेलं आणि चट्ट्यावर मात्र ते गेलंच नाही किंवा भलतीकडे गेलं, तर तो चट्टा बधीर आहे. बधीर चट्टा शिब्याचा नसतो, नायट्याचा नसतो, कोडाचाही नसतो. शिबं नखाने हलकं खरवडलं की बारीक कोंडा निघतो आणि स्पर्श पूर्ण कळतो. नायटा खाजतो. फिकट किंवा लालसर चट्टा आणि त्यावरची हरवलेली संवेदना ही जोडी दिसली, की पहिला विचार कुष्ठरोगाचा करायचा.

असं का होतं? या रोगाचे जंतू मज्जातंतूंच्या आवरणात जाऊन बसतात. शरीराची प्रतिकारशक्ती त्यांच्याशी तिथेच लढते आणि त्या लढाईत तंतूच सुजतो, चेपला जातो. सगळ्यात बारीक तंतू आधी जातात, म्हणून आधी गरम-थंड कळेनासं होतं, मग हलका स्पर्श, मग वेदना. घामाचे तंतूही जातात. त्यामुळे बाकी अंग घामाने भिजलेलं असताना चट्टा कोरडा राहतो, त्यावरची लव विरळ होते.

तुमच्या पत्रासारखाच एक पेशंट मला आठवतो. ओळख पटू नये इतपत तपशील बदलून सांगतो. तुर्भ्याच्या एका कारखान्यात मोल्डिंग मशीनवर काम करायचा. पाच रुपयांच्या नाण्याएवढा चट्टा वर्षभरात तळहाताएवढा झाला, तरी तो डॉक्टरकडे गेला नव्हता. माझ्याकडे आला तो चटका बसून आलेला फोड दाखवायला. फोड कधी आला, हे त्याला ठाऊकच नव्हतं; कपडे बदलताना दिसला, म्हणाला. चांगल्या कातडीवर दहापैकी दहा स्पर्श त्याने अचूक दाखवले, चट्ट्यावर दहापैकी तीन. गरम आणि गार पाण्याच्या नळ्या टेकवल्या, तर दोन्ही सारख्याच वाटल्या. कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे काही आपटलं की झिणझिण्या येतात, तिथली शीर, म्हणजे तिथला मज्जातंतूच, चाचपली. उजवीकडे ती बारीक लागत होती, डावीकडे जाड दोरीसारखी, आणि दाबल्यावर तो कळवळला. करंगळी बाहेर ताणून धरायला लावली, तर डावी करंगळी माझ्या बोटापुढे टिकली नाही.

एक चट्टा, एक जाड शीर. पाचपर्यंत चट्टे आणि फार तर एक शीर असेल तर सहा महिन्यांचा कोर्स असतो. सहा किंवा जास्त चट्टे असले, एकाहून अधिक शिरा धरल्या असल्या किंवा कातडीच्या नमुन्यात जंतू दिसले, तर बारा महिन्यांचा. त्याला सहा महिने लागले. करंगळीची ताकद तीनच महिन्यांपूर्वी कमी झालेली होती, म्हणून सोबत स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या. करंगळी सावरली. चट्ट्याच्या मध्यावरची संवेदना मात्र परत आली नाही. शीर सहा महिन्यांच्या आत सापडली तर ती वाचायची शक्यता चांगली असते, नंतर ती झपाट्याने कमी होते. तुमचे आठ महिने गेलेत, पण ते चट्ट्याचे. शिरेचे किती गेले, हे तपासल्याशिवाय कळणार नाही. म्हणून याच आठवड्यात कळव्याच्या महापालिका रुग्णालयात त्वचारोग विभागात जा. उपचार सरकारी दवाखान्यात फुकट आहेत.

एक अट सांगून ठेवतो. पेनाच्या तपासणीत स्पर्श नीट कळला म्हणजे रोग नाही, असं समजू नका. चेहऱ्यावर तंतूंचं जाळं इतकं दाट असतं की तिथला चट्टा बधीर नसूनही कुष्ठरोगाचा निघू शकतो. आणि ज्या प्रकारात जंतू सगळ्यात जास्त असतात, त्यात सुरुवातीला बधीर चट्टा नसतोच. कातडी तेलकट चमकते, कानाच्या पाळ्या जाड होतात, भुवया बाहेरच्या टोकाकडून विरळ होतात.

प्रश्न : आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताईंना कुष्ठरोग निघाला. त्यांनी स्वतःच सांगितलं, गोळ्या सुरू होऊन दहा दिवस झालेत. घरात तीन वर्षांचा मुलगा आहे. काम बंद करायला सांगू का? पोळ्यांतून होतो का हा? (ऐरोली)

उत्तर : नाही, आणि नाही. त्यांनी लपवलं नाही, हे लक्षात ठेवा. काम जाईल या भीतीने बहुतेक जणी लपवतात आणि तसंच औषधाविना काम करत राहतात.

हे जंतू पसरतात ते उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या नाकातोंडातून उडणाऱ्या बारीक थेंबांतून, तेही महिनोन्‌महिने जवळ राहिल्यावर. पोळीतून, ताटातून, हात लावल्याने, शेजारी बसल्याने नाही. शिवाय सुमारे ९५ टक्के लोकांना निसर्गतःच या जंतूंविरुद्ध प्रतिकारशक्ती असते. जंतू शरीरात गेले तरी त्यांना रोग होत नाही. हा जंतू इतका आळशी आहे की एकाचे दोन व्हायला त्याला बारा-चौदा दिवस लागतात. आपल्या पोटातले काही जंतू तेच काम वीस मिनिटांत उरकतात! म्हणून लागण झाल्यापासून पहिला चट्टा दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षं जातात, कधी वीससुद्धा. ताईंना हा रोग कुणाकडून आला, हे शोधत बसण्यात त्यामुळेच अर्थ नसतो.

कोर्समध्ये रिफाम्पिसिन नावाचं औषध असतं, महिन्यातून एकदा घ्यायचं. त्याच्या पहिल्याच डोसानंतर थोड्या दिवसांत रुग्णाकडून लागण होण्याची भीती जवळजवळ संपते. ताईंचा तो डोस होऊन दहा दिवस झाले.

राहिला मुलगा. रुग्णाच्या निकटच्या लोकांना तपासून रिफाम्पिसिनचा एकच डोस देण्याची सोय सरकारी कार्यक्रमात आहे. पुढच्या दोन वर्षांत रोग होण्याची शक्यता त्याने निम्म्याहून कमी होते. निकटचा म्हणजे कोण, याचा ढोबळ हिशेब असा : गेल्या वर्षात किमान तीन महिने, आठवड्याला वीस तासांहून जास्त सहवास. सकाळ-संध्याकाळ एकेक तास धरला, तरी ताईंचे आठवड्याचे चौदाच तास होतात. ज्यांना तो डोस खरंच मिळायला हवा, ती ताईंच्या घरची माणसं. तुमचं समाधान व्हायचं असेल तर मुलाला एकदा उजेडात उघडा करून पाठ, हात, पाय बघून घ्या.

प्रश्न : बायकोला गोळ्या सुरू होऊन चौथा महिना. रंग काळवंडला, पहिल्या दिवशी लघवी लाल झाली होती. ते सहन केलं. पण आता जुने चट्टे लाल होऊन सुजलेत, कोपर ठणकतं. औषध उलटलं, गोळ्या बंद करायला सांगतोय. बरोबर ना? (घणसोली)

उत्तर : गोळ्या बंद करू नका, पण उद्या सकाळीच दवाखाना गाठा. काळवंडणं आणि लाल लघवी वेगळी, सूज वेगळी.

लाल लघवी रिफाम्पिसिनच्या रंगाची. रक्त नव्हे, दिवसभरात साफ होते. काळवंडणं कोर्समधल्याच क्लोफाझिमिन या औषधाचं. कोर्स संपल्यावर काही महिन्यांत, फार तर वर्षभराने, तो रंग उतरतो.

चट्टे सुजणं म्हणजे ‘रिअ‍ॅक्शन’. मेलेल्या जंतूंचे अवशेष अंगात राहतात आणि प्रतिकारशक्ती अचानक जागी होऊन त्यांच्यावर तुटून पडते. रोग वाढल्याची ही खूण नाही आणि औषध उलटल्याचीही नाही. पण मारामारी शिरेच्या आत चाललेली असते. कोपराची शीर ठणकते आहे, म्हणजे हाताची बोटं धोक्यात आहेत. यावर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देतात, आधी मोठा डोस, मग हळूहळू कमी करत काही महिने. सोबत कुष्ठरोगाच्या गोळ्या चालूच. माझ्या पाहण्यातल्या वाकड्या बोटांपैकी बरीच याच टप्प्यावर वाकली : पेशंटने गोळ्या सोडल्या आणि ठणका बामने चोळला.

एका अपवादात मात्र सगळ्या गोळ्या तिथेच थांबवून डॉक्टरांकडे धावायचं : ताप आणि त्यासोबत अंगभर पुरळ, किंवा डोळे पिवळे. ती बहुधा कोर्समधल्या डॅप्सोन या औषधाची अ‍ॅलर्जी असते. त्या वेळी डॅप्सोन वगळून कोर्स पूर्ण करता येतो.

प्रश्न : मुलीच्या ओठाजवळ कोड आहे. सासूबाई त्याला ‘पांढरं कुष्ठ’ म्हणतात आणि तिचं ताट वेगळं ठेवतात. (कोपरखैरणे)

उत्तर : जुन्या वैद्यकातल्या एका शब्दाने घातलेला हा घोळ. कोडात रंग बनवणाऱ्या पेशी नाहीशा होतात; जंतूचा त्यात संबंधच नाही. कोड दुधासारखं पांढरंशुभ्र असतं, त्यावरचे केसही कधी पांढरे होतात, पण स्पर्श पूर्ण कळतो. कुष्ठरोगाचा चट्टा फिकट असतो, पांढराशुभ्र कधीच नाही. सासूबाईंनाच पेनाची तपासणी करायला बसवा, नातीला डोळे मिटायला लावून त्यांनीच करू दे. आणि ताट? ते कुष्ठरोगातही वेगळं ठेवायचं कारण नसतं.

प्रश्न : वडिलांनी १९९६ साली कोर्स पूर्ण केला. दोन बोटं वाकडी राहिली, तळपाय बधीर आहेत. माझ्या बहिणीच्या लग्नाची बोलणी चालली आहेत. ते अजून ‘पेशंट’ आहेत का? (ठाणे)

उत्तर : नाहीत. कोर्स पूर्ण झाला तेव्हाच ते बरे झाले. वाकडी बोटं म्हणजे शिरेला झालेल्या इजेचा व्रण. भाजलेल्या हातावर डाग राहतो तसा. कुष्ठरोग आनुवंशिक नाही, त्यामुळे बहिणीच्या होणाऱ्या मुलांचा प्रश्नच येत नाही. कायद्यानेही २०१९ मध्ये घटस्फोटाच्या कारणांतून हा रोग काढून टाकला.

मला काळजी वाटते ती त्यांच्या तळपायांची. बधीर पायात खिळा गेला तरी कळत नाही, आणि जखमेतून हाड गेलं तर जंतूंचा दोष नसतो. रोज रात्री वीस मिनिटं साध्या पाण्यात पाय बुडवून ठेवायचे, ओले असतानाच खोबरेल लावायचं, मग कुणीतरी दिव्याखाली तळवा बघायचा : लाल जागा, फोड, भेग. गरम पाणी नको, ते किती गरम आहे हे त्यांना कळणार नाही. सरकारी दवाखान्यात एमसीआर चप्पल मागा, आतून मऊ आणि खालून कडक असते. आणि चप्पल घालण्याआधी रोज ती उलटी करून झटकायला सांगा.