पडताळा जुळला, तरी उत्तर चूक का?

"सर, |x − 4| < 2x + 1 या प्रश्नाचं माझं उत्तर x > −5 आलं. मी पडताळाही घेतला. x = 2 ठेवून पाहिलं, x = 10 ठेवून पाहिलं, दोन्ही वेळा बरोबर आलं. तरी तुम्ही चूक दिलंत. पडताळा जुळत असेल तर उत्तर चूक कसं?"

केवलमूल्याच्या असमानता शिकवून झाल्या की असं पत्र एखाद्या तरी विद्यार्थ्याकडून येतंच. बहुतेक वेळा तक्रार गुणांची असते. या मुलीची तशी नव्हती. तिला खरोखर कोडं पडलं होतं, म्हणून तिला वही घेऊन बोलावलं.

मी एवढंच म्हणालो, "आता x = 0 ठेवून बघ." डावीकडे |0 − 4| म्हणजे 4, उजवीकडे 1. चार एकापेक्षा लहान नाही. पण 0 तर −5 पेक्षा मोठा आहे, म्हणजे तिच्या उत्तरात बसतो. ती थोडा वेळ वहीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे मी संख्याच चुकीच्या निवडल्या?"

तसंही नाही. खरं उत्तर x > 1 आहे. 2 आणि 10 या उत्तरातही बसतात आणि तिच्या उत्तरातही. 1 च्या पुढची कुठलीही संख्या तिने घेतली असती तरी पडताळा जुळलाच असता. समीकरण सोडवताना उत्तर एक-दोन संख्यांचं असतं, त्या ठेवून पाहिल्या की काम भागतं. असमानतेचं उत्तर हा संख्यारेषेवरचा अख्खा पट्टा असतो. पट्ट्याच्या आतल्या दोन संख्या जुळल्या, एवढ्याने तो कुठे सुरू होतो हे कळत नाही.

मग चूक झाली कुठे? तिने दोन ओळी लिहिल्या होत्या. x − 4 < 2x + 1, यावरून x > −5. आणि 4 − x < 2x + 1, यावरून x > 1. आकडेमोड चोख. पण नंतर दोन्हींच्या मध्ये तिने 'किंवा' लिहिलं, आणि जो मोठा पट्टा मिळाला तो उत्तर म्हणून उचलला.

पहिली ओळ लिहिताना |x − 4| च्या जागी x − 4 आलं. हे चालतं फक्त x ≥ 4 असताना. त्यामुळे x > −5 मधला 4 च्या पुढचाच भाग आपला: x ≥ 4. दुसऱ्या ओळीत 4 − x आलं, ते x < 4 असताना. म्हणून तिथून 1 < x < 4 एवढंच मिळतं. हे दोन तुकडे 'किंवा'ने जोडले की x > 1 येतं. तिने 'किंवा' ठेवलं, पण प्रत्येक ओळीची अट गाळली. अटी लिहायच्याच नसतील तर दोन ओळींमध्ये 'आणि' हवं. डावी राशी उजवीपेक्षा लहान असायची तर x − 4 आणि 4 − x या दोन्ही लहान असायला हव्यात. x > −5 आणि x > 1, म्हणजे पुन्हा x > 1.

ही सवय बहुधा |x − 4| > 3 सारख्या गणितांतून लागते. तिथे 'पेक्षा मोठा' असतं, त्यामुळे अटींशिवाय नुसतं 'किंवा' लिहिलं तरी बरोबर येतं. चिन्ह उलटलं की तेच अंगाशी येतं. मला तर वाटतं, 'किंवा' कुठे आणि 'आणि' कुठे हे पाठ करण्यापेक्षा अटी लिहिण्याचा कंटाळा सोडावा.

तिला आणखी एक पडताळा दाखवला, तो मला सर्वांत उपयोगी वाटतो. उत्तराच्या टोकाची संख्या ठेवून बघायची. असमानता खरी असण्यापासून खोटी होण्याकडे जाते, त्या ठिकाणी अशा गणितांत दोन्ही बाजू समान असतात. x = 1 ठेवलं की डावीकडे 3, उजवीकडेही 3. x = −5 ठेवलं तर डावीकडे 9 आणि उजवीकडे −9. म्हणजे −5 हे टोकच नाही. शिवाय उजवी बाजू ऋण झाली की केवलमूल्य तिच्यापेक्षा लहान असणं शक्यच नाही, हे तिने स्वतःच ओळखलं.

पण टोकाची परीक्षाही पुरेशी नाही. तिला लगेच |2x − 5| > 7 दिलं. तिने x > 6 लिहिलं आणि 6 ठेवून पाहिलं. दोन्हीकडे 7. खूश झाली. मी म्हटलं, "आता तुझ्या उत्तराबाहेरची, बरीच डावीकडची एक संख्या घे." तिने −10 घेतली. |−25| म्हणजे 25, सातापेक्षा मोठं. जी संख्या उत्तरात नाही तीच जुळली, म्हणजे एक तुकडा राहिला होता. तो x < −1. तिने तो लिहिला, आणि न सांगता −1 ठेवूनही पाहिलं: |−7|, म्हणजे 7.

पहिल्या गणिताचे गुण मात्र मी वाढवले नाहीत. दोन्ही ओळींचे पायरीचे गुण तिला आधीच दिले होते.