हायरिंग प्लॅन बजेटमध्ये महिन्यानुसार कसा टाकायचा?

प्रश्न: अंधेरीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत अकाउंट्सला आहे. पुढच्या वर्षाच्या बजेटमध्ये सहा नवीन माणसं घ्यायचीयत, मी सहाही जणांचा वर्षाचा सीटीसी एकत्र करून ४९.२० लाख टाकला तर सीएफओ सरांनी शीट परत पाठवली, म्हणाले "फेजिंग कर, आणि रिक्रूटमेंट कॉस्ट कुठंय?" नक्की काय करायचं असतं?

उत्तर:

मी मुंबईतच फायनान्समध्ये आहे आणि दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत हेच काम करते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. फेजिंग म्हणजे खर्च ज्या महिन्यात होणार त्याच महिन्यात मांडणं. सरांचं म्हणणं असं की ४९.२० लाख हा सहाही जण १ एप्रिलला सकाळी खुर्चीत बसले तरचा खर्च आहे, आणि तसं कधीच होत नाही. तेव्हा आधी पगार बाजूला ठेवा आणि प्रत्येक पोस्टची जॉइनिंग डेट काढा, कारण सगळा आकडा त्या तारखेवर उभा असतो.

तारीख अंदाजाने टाकू नका, मागून मोजत या. समजा तुमच्या सहा पोस्ट अशा आहेत: सीनियर डेव्हलपर १८ लाख, अकाउंट्स मॅनेजर १२ लाख, सेल्सचे दोघं प्रत्येकी ६ लाख आणि सपोर्टचे दोघं प्रत्येकी ३.६० लाख, बेरीज बरोबर ४९.२० येते. आता डेव्हलपरचं बघा. १ एप्रिलला अप्रूव्हल मिळालं तरी जेडी, सीव्ही, दोन-तीन राउंड, पगाराची घासाघीस यात साधारण दीड महिना जातोच, म्हणजे ऑफर मे महिन्याच्या मध्यात. तो १८ मेला राजीनामा देणार आणि त्याचा नोटीस पिरियड ९० दिवसांचा, आपल्याकडे सीनियर लोकांचा बहुतेक तेवढाच असतो. ९० दिवस मोजले की १६ ऑगस्ट येते, म्हणजे तुमच्याकडे जॉइनिंग १७ ऑगस्ट. मॅनेजरने एप्रिलच्या मीटिंगमध्ये "मला जूनमध्ये माणूस हवा" म्हटलं तरी शीटमध्ये १७ ऑगस्टच जाणार, आणि त्याला खरंच जूनमध्ये हवा असेल तर अप्रूव्हल जानेवारी-फेब्रुवारीत पाहिजे होतं हे त्याला आत्ताच सांगा, जुलैमध्ये सांगून उपयोग नाही.

बाकीच्यांच्या तारखा पण अशाच निघतात. अकाउंट्स मॅनेजरचा नोटीस पिरियड ६० दिवसांचा धरा आणि सर्च लगेच सुरू होऊन महिनाभरात उरकला तर १ जुलै. सेल्सचा पहिला माणूस १ जून, आणि दुसरा १ ऑक्टोबरला, तोही पहिल्या सहामाहीचं टार्गेट झालं तरच. अशा अटीवरच्या पोस्टसमोर रिमार्कमध्ये अट आणि ती कोण तपासणार ते लिहून ठेवा, नाहीतर ऑक्टोबर आला की माणूस आपोआप घेतला जातो आणि अट कुणाच्या लक्षात राहत नाही. सपोर्टच्या दोघांना नवीन क्लायंट नोव्हेंबरमध्ये लाइव्ह होणार म्हणून घ्यायचंय असं समजू, मग महिनाभर ट्रेनिंग धरून १ ऑक्टोबर.

आता पगार. डेव्हलपरचे महिन्याचे दीड लाख. ऑगस्टमध्ये १७ ते ३१ म्हणजे १५ दिवस, १,५०,००० गुणिले १५ भागिले ३१, आले ७२,५८१. सप्टेंबर ते मार्च सात महिने पूर्ण, १०.५० लाख. वर्षाचा खर्च ११,२२,५८१, १८ लाख नाही. मॅनेजर नऊ महिने ९ लाख, सेल्सचा पहिला दहा महिने ५ लाख, दुसरा सहा महिने ३ लाख, सपोर्टचे दोघं मिळून सहा महिने ३.६० लाख. एकूण ३१,८२,५८१. म्हणजे तुमच्या शीटमध्ये १७ लाखांहून जास्त असा पैसा पडून होता जो खर्च होणारच नव्हता, सरांनी परत का पाठवली ते आलं ना लक्षात. अर्ध्या महिन्याचा हिशोब तुमच्या पेरोलमध्ये कॅलेंडर दिवसांवर होतो की फिक्स ३० दिवसांवर ते विचारून घ्या आणि शीटमध्ये तेच वापरा.

शीटमध्ये पाचव्या ओळीपासून एका पोस्टला एक ओळ ठेवा, सेल्सचे दोघं असले तरी दोन ओळी. C मध्ये वर्षाचा सीटीसी, D मध्ये जॉइनिंग डेट, E मध्ये माणूस शोधून देणाऱ्या कन्सल्टंटच्या फीचा टक्का, आणि वरच्या पहिल्या ओळीत H पासून पुढे प्रत्येक महिन्याची १ तारीख. मग पगाराचा फॉर्म्युला एकच, H5 मध्ये टाकून सगळीकडे ओढायचा:

```
=MAX(0, EOMONTH(H$1,0) - MAX(H$1,$D5) + 1) / DAY(EOMONTH(H$1,0)) * $C5/12
```

यात एक गोष्ट जपा. D मधली तारीख रिकामी राहिली किंवा कुणीतरी मेलमधून कॉपी केल्यामुळे टेक्स्ट म्हणून बसली तर एरर येत नाही, MAX त्या सेलकडे दुर्लक्ष करतो आणि गुपचूप एप्रिलपासून पूर्ण वर्षाचा पगार लावतो. ओळखायचं सोपं आहे, नवीन माणसांच्या ओळींची एप्रिलची बेरीज बघा, तुमच्या केसमध्ये एप्रिल आणि मे दोन्ही शून्य यायला हवेत. दुसरा चेक मार्चचा, तिथे सहाही जण असतात म्हणून मार्चची बेरीज ४.१० लाख यायला हवी, आणि त्याला १२ ने गुणलं की बरोबर ४९.२०. हा मार्चचा आकडा सरांना वेगळा दाखवाच, कारण यावर्षी ३१.८२ लाख मंजूर करताना ते पुढच्या वर्षीचे ४९.२० लाख पण मंजूर करतायत, तेही इन्क्रिमेंटच्या आधीचे. फेजिंगमुळे प्लॅन स्वस्त झालाय असं वाटतं, प्रत्यक्षात उरलेला खर्च फक्त पुढच्या एप्रिलमध्ये सरकलेला असतो, आणि माझ्या मते पूर्ण शीटमध्ये सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच आहे.

सीटीसीच्या वर काय धरायचं यात पण गोंधळ होतो. कंपनीचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी बहुतेक ऑफर लेटरमध्ये सीटीसीच्या आतच असतात, परत वरून लावले तर डबल. प्रोफेशनल टॅक्स माणसाच्या पगारातून कापला जातो, तो कंपनीचा खर्च नाहीच. मेडिक्लेम, जॉइनिंग बोनस, नोटीस बायआउट हे मात्र सीटीसीच्या बाहेर असतील तर वेगळ्या ओळीत टाका. लॅपटॉप कॅपेक्समध्ये जाईल, पगाराच्या हेडमध्ये नको.

रिक्रूटमेंट कॉस्ट. ही प्रोरेट होत नाही, इथे भलेभले फसतात. कन्सल्टंटची फी वर्षाच्या पूर्ण सीटीसीवर लागते, माणूस मार्चमध्ये जॉइन झाला तरी. ८.३३ टक्के म्हणजे एक महिन्याचा पगार हा नेहमीचा रेट धरला तर डेव्हलपरचे १,४९,९४० आणि मॅनेजरचे ९९,९६०, जवळपास अडीच लाख. बिल साधारण जॉइनिंगनंतर येतं, त्यामुळे डेव्हलपरची फी ऑगस्टमध्ये आणि मॅनेजरची जुलैमध्ये बसेल. हा फॉर्म्युला त्याच ओळींत, पगाराच्या बारा कॉलमच्या उजवीकडे टाकून ओढा:

```
=IF(EOMONTH($D5,0)=EOMONTH(H$1,0), $C5*$E5, 0)
```

वरून १८ टक्के जीएसटी लागतो. तुमच्या कंपनीला इनपुट क्रेडिट मिळत असेल तर तो बजेटच्या खर्चात धरायचा नाही, पण कॅश फ्लोमध्ये धरा, कारण बिल भरताना पैसे तर जाणारच. सेल्स आणि सपोर्टचे लोक पोर्टल किंवा ओळखीतून मिळतात, तिथे पोर्टलचं सबस्क्रिप्शन वर्षभरात वाटून टाका आणि रेफरल बोनस तुमच्या पॉलिसीत प्रोबेशननंतर मिळत असेल तर त्याचं पेमेंट त्या महिन्यात दाखवा. कन्सल्टंटच्या ॲग्रीमेंटमध्ये रिप्लेसमेंटचा क्लॉज नीट वाचा, बऱ्याचदा माणूस ९० दिवसांत सोडून गेला तर दुसरा फुकट देतात पण पैसे परत देत नाहीत, तेव्हा रिफंड धरून बसू नका.

आता ऑफर ड्रॉप. ९० दिवसांच्या नोटीसमध्ये माणूस तुमचं लेटर दाखवून आहे तिथेच पगार वाढवून घेतो किंवा तिसरीकडे जातो, आणि जॉइनिंगच्या दिवशी फोन उचलत नाही. समजा १७ ऑगस्टला तुमचा डेव्हलपर आलाच नाही, तर परत दीड महिना अधिक ९० दिवस, म्हणजे सरळ १ जानेवारी. मग त्याच्यावर वर्षात फक्त ४.५० लाख खर्च होतात आणि ६.७२ लाख "वाचलेले" दिसतात. ते वाचलेले नसतात, काम अडलेलं असतं आणि कदाचित फ्रीलान्सरला द्यावे लागतात. म्हणून काही लोक सगळ्या पोस्टवर सरसकट १० टक्के कट मारतात ते मला अजिबात पटत नाही, कारण कोणती पोस्ट उशिरा आली हे मग कळतच नाही. त्यापेक्षा तारखेचा दुसरा कॉलम ठेवा, उशीर झाला तर कधी येईल तो, आणि एकूण आकडा दोन्ही तारखांवर काढून दाखवा. मंजुरी पहिल्या तारखेवर घ्या.

आणि वर्ष सुरू झालं की अ‍ॅक्चुअलशी तुलना करताना तारखेचा फरक आणि पगाराचा फरक वेगवेगळा काढा. समजा डेव्हलपर १७ ऑगस्टऐवजी १ सप्टेंबरला आला, आणि १८ ऐवजी १९.२० लाखांवर. सात महिने १.६० लाखांनी ११.२० लाख, बजेट होतं ११.२२ लाख, रिपोर्टमध्ये सगळं हिरवं. पण आत बघाल तर उशिरामुळे ७२,५८१ वाचले आणि जास्त पगारामुळे ७०,००० गेले, दोघांनी एकमेकांना झाकलं. उशिराची बचत एकदाच, वाढलेले १.२० लाख मात्र दरवर्षी, शिवाय कन्सल्टंटची फी पण दहाएक हजारांनी वाढली. असा माणूस दिसला की त्याच महिन्यात पुढच्या वर्षीच्या ४९.२० चे ५०.४० करा, मार्चपर्यंत थांबू नका. अडलं कुठे तर कमेंटमध्ये विचारा, फॉर्म्युला चालत नसेल तर आधी D कॉलमचा फॉरमॅट बघून घ्या.