पुढच्या आठ फ्रेमना किती तास धरावेत?

प्रश्न: आमचे छोटे फॅब्रिकेशनचे वर्कशॉप आहे. एका ग्राहकाला मशीनच्या आठ बेस फ्रेम करून दिल्या. जॉब कार्डांप्रमाणे पहिलीला ४० तास लागले, दोन मिळून ७२, चार मिळून १३० आणि आठ मिळून २३३. आता तो तशाच आणखी आठ मागतोय आणि म्हणतोय, "एव्हाना हात बसला असेल, मजुरी वीस टक्के कमी करा." पुस्तकात ८० टक्क्यांचा लर्निंग कर्व्ह दिलाय, तो लावू का? ऑर्डर तीन-चार महिन्यांनी येईल.

उत्तर: पुस्तकातले ८० टक्के लावू नका. तुमचा आकडा तुमच्या जॉब कार्डांतच आहे. दर फ्रेमची आतापर्यंतची सरासरी काढली, तर ती एका फ्रेमला ४०, दोन झाल्यावर ३६, चार झाल्यावर ३२.५ आणि आठ झाल्यावर सुमारे २९.१ तास येते. एकूण नग दुप्पट झाले की सरासरी आधीच्या ९० टक्क्यांवर येते आणि हे तिन्ही वेळा घडले आहे. म्हणजे तुमचा कर्व्ह ९० टक्क्यांचा आहे.

८० टक्क्यांचा आकडा विमानांच्या कारखान्यातून आला. थिओडोर राइट (विमान उडवणाऱ्या राइट बंधूंशी याची गल्लत होऊ नये) यांनी १९३६ साली विमानबांधणीच्या खर्चावर जो लेख लिहिला, त्यात नगांची संख्या दुप्पट झाली की मजुरीचे सरासरी तास सुमारे २० टक्क्यांनी घटतात, असे मांडले होते. त्या काळच्या विमानाचे बहुतेक काम हाताने जोडणीचे होते आणि हातालाच शिकायला वाव असतो. प्लेट कापणारे सीएनसी मशीन किंवा ड्रिल आठव्या फ्रेमलाही पहिल्याच वेगाने चालते. जोडणीचे काम तीन चतुर्थांश असेल तर ८०, निम्मे असेल तर ८५ आणि एक चतुर्थांशच असेल तर ९० टक्के, असा ढोबळ ठोकताळा कारखान्यांत चालतो. तुमचे ९० त्यात चपखल बसेलच असे नाही, पण त्यात आश्चर्य वाटण्यासारखेही काही नाही.

आता पुढच्या आठांचा हिशेब. सोळा फ्रेमची सरासरी २९.१ च्या ९० टक्के, म्हणजे २६.२ तास येईल. इथे बहुतेक जण २६.२ ला आठाने गुणून २१० तास लिहितात, आणि तिथेच चुकतात. ती सरासरी सोळाही फ्रेमची आहे आणि तिच्यात पहिल्या महागड्या फ्रेमही धरलेल्या आहेत. सोळांचे एकूण तास सुमारे ४१९ होतात, त्यातून झालेले २३३ वजा केले की १८६ उरतात. म्हणजे पुढच्या आठांपैकी प्रत्येक फ्रेमला साधारण २३.३ तास. जुन्या सरासरीच्या हे बरोबर ८० टक्के आहे, तेव्हा काम खंड न पडता पुढे चालले असते तर तुमचा ग्राहक वीस टक्के अगदी रास्त मागत होता. दुसरा लॉट पहिल्याइतकाच असेल तर गुणोत्तराची दुप्पट करून एक वजा करायचा: ०.९ चे ०.८ होतात, पण ०.८ चे ०.६. पुस्तकातला कर्व्ह लावला असता तर तुम्ही आठ फ्रेम १४० तासांत, म्हणजे दर फ्रेम साडेसतरा तासांत देऊ केल्या असत्या. तुमची आठवी फ्रेम पंचविसाच्या आसपास झाली असणार, हे लक्षात घेतले की ही घट किती अवास्तव आहे ते दिसते. मी उमेदवारीच्या काळात नेमके हेच केले होते आणि तोटा ऑर्डर अर्ध्यावर आल्यानंतर कळला.

एक सावधगिरी. काही तक्ते आणि एक्सेल शीट टक्केवारी सरासरीला न लावता त्या-त्या नगाच्या स्वतःच्या तासांना लावतात. तसे धरले तर ९० टक्क्यांनी तुमची आठवी फ्रेम २९ तासांची ठरते. पद्धती दोन्ही बरोबर आहेत, पण एकीचा आकडा दुसरीत घालता येत नाही. तुमचे ९० हे सरासरीचे आहेत, एवढे टिपून ठेवा.

पहिल्या फ्रेमच्या ४० तासांत फिक्स्चर बनवण्याचे तास चढवले आहेत का, हेही पाहायला हवे होते, कारण तसे झाले की कर्व्ह उगाच तीव्र भासतो. तुमच्या बाबतीत ती शंका फारशी नाही. तसे असते तर पहिले गुणोत्तर सर्वांत कमी आणि नंतरची क्रमाने वाढत गेलेली दिसली असती. तुमची एकसारखी आहेत.

खरी अडचण तीन-चार महिन्यांच्या खंडाची आहे. घटलेले तास कुठून घटले ते आठवून पाहा. पहिल्या फ्रेमला वेल्डर ड्रॉइंग उलगडून बसला असेल, एका बाजूने पूर्ण वेल्ड मारल्यावर फ्रेमला पीळ बसला असेल आणि गुण्या लावून ती सरळ करण्यात निम्मा दिवस गेला असेल. चौथ्या-पाचव्यापर्यंत कोणता टॅक आधी आणि कोणता नंतर, हे त्याच्या अंगवळणी पडले, हेल्परला पुढचा तुकडा न सांगता देता येऊ लागला. यातले फिक्स्चर आणि कटिंगची यादी कपाटात टिकते, पण टॅकचा क्रम आणि हेल्परची साथ टिकत नाही, विशेषतः माणूसच बदलला तर.

खंडाने किती विसर पडला हे नवव्या फ्रेमवरून कळेल. हात तसाच राहिला असेल तर ती २४-२५ तासांत उतरेल. तिला २९ ते ३० तास लागले, तर तुमच्या कर्व्हवर तो तिसऱ्या फ्रेमचा वेळ आहे, म्हणजे कारागीर मागे सरकून तिसऱ्या फ्रेमपाशी आले. मग पुढच्या आठांचे तास नवव्या ते सोळाव्या नगांचे न धरता तिसऱ्या ते दहाव्या नगांचे धरायचे. दहा फ्रेमचे एकूण सुमारे २८२ तास होतात, त्यातून पहिल्या दोघींचे ७२ वजा केले की २१० उरतात. (वरच्या चुकीच्या २१० शी हा केवळ योगायोग आहे.) दर फ्रेम सव्वासव्वीस तास, म्हणजे जुन्या सरासरीपेक्षा फक्त दहा टक्के कमी.

म्हणून कोटेशनमध्ये दोन दर द्यावेत. काम महिन्याभरात सुरू झाले आणि तोच वेल्डर हाती असला, तर १८६ तासांवर आधारलेला दर, उशीर झाला तर २१० तासांचा. आणि ग्राहकाला आताच स्पष्ट करावे की वीस टक्क्यांची घट मजुरीच्या तासांवर आहे. पोलाद, इलेक्ट्रोड, रंग आणि वीज यांना हात बसत नाही. तुमच्या किमतीत मजुरी एक चतुर्थांश असेल, तर फ्रेमच्या भावात त्याचा परिणाम जेमतेम पाच टक्के होतो.

जमले तर पहिल्या लॉटमधल्या वेल्डरकडून टॅकचा क्रम आजच एका कागदावर लिहून घ्या आणि तो फिक्स्चरला अडकवून ठेवा.