त्वचेखालच्या गाठी: वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न (परतूर): दंडावर लिंबाएवढी मऊ गाठ आठ वर्षांपासून आहे. दुखत नाही. काढावी का?

बहुधा ही चरबीची गाठ, म्हणजे लायपोमा असावी. तिच्यावरची त्वचा चिमटीत धरल्यास सुटी उचलली जाते आणि कडेवर बोट दाबले की गाठ बोटाखालून सटकते. एकदा डॉक्टरांच्या हाताखालून तपासून घ्या. निदान पक्के असेल, गाठ वाढत नसेल आणि अडचण होत नसेल, तर ती काढण्याची गरज नाही. मालीश किंवा लेप यांनी ती विरघळत नाही.

प्रश्न (केज): आईच्या पाठीवरच्या आवाळूवर काळा ठिपका आहे, दाबले की घाण वासाचे पांढरे येते. बिब्बा लावावा का?

बिब्बा मुळीच लावू नका, त्याने कातडी भाजून जखम होते. तो ठिपका म्हणजे त्वचेतल्या पिशवीचे तोंड आहे, आणि पांढरे येते ते पू नसून पिशवीत साचलेले त्वचेचे केराटिन आहे. दाबल्याने पिशवी आतल्या आत फुटली, तर आजूबाजूला लाली, ठणका आणि पुढे पू होतो. तसे झाल्यास आधी पू काढून द्यावा लागतो. सूज पूर्ण ओसरल्यावर संपूर्ण पिशवी भिंतीसकट काढावी, कारण भिंतीचा तुकडा राहिला तर गाठ पुन्हा भरते.

प्रश्न (औसा): भावाच्या मांडीतली गाठ सहा महिन्यांत मोसंबीएवढी झाली. दुखत नसल्यामुळे तो दवाखान्यात जात नाही.

त्याला याच आठवड्यात दवाखान्यात न्या. स्नायू किंवा चरबीतून उद्भवणारा सार्कोमा हा कर्करोग सुरुवातीला अनेकदा दुखतच नाही, त्यामुळे वेदना नसणे हा दिलासा मानता येत नाही. मला काळजी वाटते ती आकाराची आणि वेगाची: 5 सेंटीमीटरपेक्षा मोठी किंवा वाढत जाणारी गाठ तपासावीच लागते. तिसरी गोष्ट खोलीची. त्याला उताणे झोपवून पाय सरळ ठेवून उचलायला सांगा. मांडीचा स्नायू ताठ होताच गाठ आत दडली किंवा हलेनाशी झाली, तर ती स्नायूच्या आत वा खाली असण्याची शक्यता जास्त असते. मात्र ती वरच राहिली म्हणून तपासणी टाळू नका. कडकपणा, खाली चिकटून बसणे आणि काढल्यावर त्याच जागी परत येणे याही धोक्याच्या खुणा आहेत.

क्रम महत्त्वाचा आहे: आधी सोनोग्राफी, शंका राहिल्यास एमआरआय, मग जाड सुईने तुकडा तपासणी, आणि अहवाल आल्यावरच शस्त्रक्रिया. ‘चरबीचीच दिसते’ असे म्हणून ती घाईने काढली आणि नंतर कर्करोग निघाला, तर आजूबाजूला पेशी राहून दुसरी, बरीच मोठी शस्त्रक्रिया करावी लागू शकते. खोलवरच्या सर्वच गाठी कर्करोगाच्या नसतात, साध्या चरबीच्या गाठीही तेथे होतात, पण हाताने चाचपून हा फरक ठरत नाही. म्हणून तुकडा तपासणीची जागाही पुढची शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनशी बोलून ठरवावी. शंका बळावल्यास छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात दाखवता येईल. जाताना सोनोग्राफी आणि एमआरआयच्या फिल्म सोबत न्या.