स्किप-लेव्हल भेटीत जागीच निर्णय देऊ नका

तुमच्या हाताखालच्या व्यवस्थापकाच्या टीममधील माणसांना प्रथमच थेट भेटणार असाल, म्हणजेच स्किप-लेव्हल भेट घेणार असाल, तर भेटीचा हेतू आणि प्रश्न त्या व्यवस्थापकाला आठवडाभर आधी सांगा, आणि सगळ्यांनाच भेटा; एकालाच बोलावले की चौकशीची शंका येते. खरी कसोटी तक्रारीच्या वेळी लागते. एका सहकारी बाईंनी सलग तिसऱ्या महिन्यात रात्रपाळी आल्याचे सांगितले, तेव्हा मी तिथल्या तिथे ‘बदलून देतो’ म्हणालो, आणि महिन्याभरात रजेचे अर्जही व्यवस्थापकाला वगळून माझ्याकडे येऊ लागले. आता मी विचारतो, ‘हे तुमच्या व्यवस्थापकाशी बोललात का? मी तुमचे नाव घेऊन बोललो तर चालेल का?’ परवानगी नसेल, तर व्यवस्थापकाला फक्त एकंदर सूर सांगावा. लैंगिक छळाची तक्रार मात्र 2013च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समितीकडे न्यावी.